शाफ्ट किंवा बेल्टने चेनची कटकट खरोखर मिटते का?

प्रश्न: मी सातपूरला नोकरी करतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा कामासाठी हरसूल आणि पेठ भागात जातो. महिन्याला साधारण हजार किलोमीटर होतात. माझी गाडी ४०० सीसीच्या आसपासची, चेनची आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन साफ करून कंटाळलो आहे. जुन्या गाड्यांमध्ये बेल्टची हार्ले स्ट्रीट ७५० आणि शाफ्टची एक अॅडव्हेंचर गाडी पाहून ठेवली आहे. शाफ्ट किंवा बेल्ट घेतला तर देखभाल खरोखर संपते का, पॉवर किती वाया जाते, आणि आडरस्त्यावर बिघडली तर काय?

उत्तर:

आधी निष्कर्ष सांगतो आणि मग कारणे देतो. तुम्ही सांगितलेल्या रस्त्यांसाठी मी चेनच ठेवीन. केवळ नाशिक ते मुंबई किंवा नाशिक ते पुणे असा डांबरी प्रवास असता तर शाफ्टची शिफारस मी सहज केली असती, आणि शहरापुरती गाडी असती तर बेल्टला नाही म्हटले नसते. मात्र हरसूलच्या पुढे पाड्यांकडे वळणाऱ्या मुरमाच्या रस्त्यांवर पावसाळ्याचे चार महिने जाणारी गाडी असेल, तर या तिघांत बेल्ट शेवटी येतो. देखभाल कोणत्याही प्रकारात संपत नाही. चेनमध्ये ती थोडी-थोडी, रोज डोळ्यांसमोर आणि आपल्या हाताने करता येण्याजोगी असते, तर शाफ्ट आणि बेल्टमध्ये ती बराच काळ दिसत नाही आणि जेव्हा दिसते तेव्हा बहुधा आपल्या हाताबाहेर गेलेली असते.

चेनपासून सुरुवात करू, कारण तुमच्या कंटाळ्याचा काही भाग चेनचा नसून साफ करण्याच्या पद्धतीचा असावा असा माझा अंदाज आहे. तुमच्या गाडीच्या वर्गात हल्ली सर्वत्र सीलबंद चेन येते, जिला ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेन म्हणतात. तिच्या प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि दोन्ही बाजूंच्या रबरी रिंगा ते आत धरून ठेवतात. चेन 'वाढली' असे आपण म्हणतो तेव्हा लोखंड ताणलेले नसते. हे आतले ग्रीस निघून गेल्यामुळे पिन आणि बुश घासले जातात, आणि शंभराहून अधिक सांध्यांतील ही अतिशय सूक्ष्म झीज एकत्र होऊन चेन लांब होते. त्यामुळे आपण बाहेरून जे तेल लावतो ते पिनपर्यंत पोचतच नाही. त्याचे काम तीन गोष्टींपुरते आहे: रोलर आणि स्प्रॉकेटचा दात यांच्यात पातळ थर राहावा, रबरी रिंगा कोरड्या पडून चिरू नयेत आणि पट्ट्यांना गंज चढू नये.

एवढे लक्षात घेतले की पावसाळ्यातील काम निम्मे होते. चेन आरशासारखी चकचकीत करण्याची गरज नाही. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने, कमी दाबाने माती काढावी, चिंधीने पुसावे आणि चेन अजून कोमट असतानाच नव्वद नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब खालच्या फेऱ्याच्या आतल्या बाजूला लावावे, म्हणजे चाक फिरू लागल्यावर ते आपोआप बाहेरच्या दिशेने पसरते. रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी जादा तेल पुसून घ्यावे, कारण ओघळणाऱ्या तेलावर मुरमाची बारीक कच चिकटते आणि तेल आणि कच मिळून चेन घासणारी लापशी तयार होते. महिन्यातून एकदा रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत. पेट्रोल, तारेचा ब्रश आणि वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा या तिन्ही गोष्टी रबरी रिंगांच्या शत्रू आहेत. फवाऱ्याने पाणी रिंगेच्या आत जाते आणि ग्रीसची जागा घेते, आणि मग बाहेरून कितीही तेल ओतले तरी सांधा आतून गंजत राहतो. हे सर्व करताना चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून आणि गिअर टाकून चाक फिरवण्याची आपल्याकडची सवय बोटे घेऊन जाते.

दुसरी चूक ताणाची असते. आपल्याकडील पुष्कळ मेकॅनिक चेन गरजेपेक्षा घट्ट करतात, कारण ढिली चेन आवाज करते आणि घट्ट चेन ग्राहकाला 'टाइट' वाटते. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा अॅक्सल हे तिन्ही बिंदू खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर एका रेषेत येतात आणि त्या क्षणी चेनला सर्वाधिक लांबी लागते. स्टँडवर उभ्या गाडीत झोल कमी ठेवला असेल, तर मागे माणूस बसून गाडी खड्ड्यात आदळताच चेन तारेसारखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर येतो. म्हणून झोल मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याच्या वरच्या मर्यादेकडे ठेवावा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो २५ ते ३५ मिमीच्या दरम्यान असतो, तर लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत त्याहून जास्त असू शकतो. चाक थोडे-थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी झोल मोजावा आणि जिथे तो सर्वांत कमी असेल तिथे समायोजन करावे. एका ठिकाणी घट्ट आणि दुसऱ्या ठिकाणी ढिली अशी मोठी तफावत दिसली, तर काही सांधे आतून जाम झाले आहेत असे समजावे, आणि अशी चेन कितीही तेल लावले तरी परत सुधारत नाही.

चेन संपली आहे की नाही हे ओळखायला फारसे सामान लागत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढावी. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर चेनसेट बदलायची वेळ आली. मोजून पाहायचे असल्यास ५२० मापाच्या चेनचा एक पिच १५.८७५ मिमी असतो, म्हणजे नवीन चेनमध्ये सलग २० पिचांचे अंतर ३१७.५ मिमी भरते. ताणून धरलेल्या चेनमध्ये हे अंतर ३२३ मिमीच्या जवळ गेले की बहुतेक उत्पादकांची मर्यादा संपते. पुढचे स्प्रॉकेट आधी झिजते, कारण पुढे पंधरा आणि मागे पंचेचाळीस दात असतील तर पुढचा प्रत्येक दात तिप्पट वेळा काम करतो. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत; झिजलेल्या दातांवर चढवलेली नवी चेन काही हजार किलोमीटरमध्येच जुनी होते.

आता पॉवरकडे वळू. इथे इंटरनेटवर फिरणारे आकडे बहुधा चुकीच्या जागेवरून उचललेले असतात. एखाद्या शाफ्टच्या गाडीची कंपनीने सांगितलेली पॉवर आणि डायनोवर मागच्या चाकाला मिळालेली पॉवर यांत बारा-पंधरा टक्क्यांचा फरक दाखवून 'एवढी पॉवर शाफ्टने खाल्ली' असे सांगितले जाते. वास्तविक त्या फरकात प्रायमरी ड्राइव्ह, गिअरबॉक्स, क्लच आणि टायरचे रोलरवरचे दबणे हे सर्व येते, आणि ते चेनच्या गाडीतही असतेच. केवळ शेवटच्या टप्प्याचा विचार केला तर चांगल्या स्थितीतील चेन दोन ते तीन टक्के शक्ती खाते. दातेरी बेल्ट ढोबळमानाने त्याच पंक्तीत बसतो किंवा किंचित जास्त खातो, कारण त्याला ताण अधिक द्यावा लागतो आणि पुलीभोवती त्याला सतत वाकवण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. शाफ्टमध्ये मात्र फेरा बदलतो. फिरण्याची दिशा काटकोनात वळवण्यासाठी क्राउन-पिनियनची जोडी लागते, तिचे दात एकमेकांवर केवळ लोळत नाहीत तर घसरतातही, त्यात युनिव्हर्सल जॉइंट, जास्तीची बेअरिंग, सील आणि घट्ट तेलात फिरणारे गिअर यांची भर पडते, आणि शेवटी पाच ते आठ टक्क्यांपर्यंत शक्ती जाते असे धरणे वाजवी आहे.

यातही इंजिन गाडीत कसे बसवले आहे यावर बरेच अवलंबून असते. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्या आणि मोटो गुझ्झीच्या आडव्या व्ही-ट्विन गाड्या यांत क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे शक्ती मागच्या चाकाशी एकदाच वळवावी लागते. बीएमडब्ल्यूने १९२३ सालच्या पहिल्या आर ३२ पासून हीच मांडणी धरून ठेवली, त्यामागे हेही एक कारण आहे. ट्रायम्फच्या टायगर १२०० मध्ये क्रँकशाफ्ट गाडीला आडवा आहे, म्हणून तिथे दोन वेळा काटकोनात वळण घ्यावे लागते आणि नुकसानही दोन वेळा होते. दुसरी गोष्ट अशी की शाफ्टच्या नुकसानीचा काही भाग, विशेषतः तेल घुसळण्याचा आणि सीलच्या घर्षणाचा, इंजिनवर भार असो वा नसो जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे १२० पीएसच्या गाडीत तो नगण्य वाटतो आणि ४० पीएसच्या गाडीत जाणवतो. कमी क्षमतेच्या गाड्यांमध्ये शाफ्ट क्वचितच का दिसतो याचे उत्तर यातही आहे, किमतीतही आहे आणि मागच्या चाकाजवळ वाढणाऱ्या वजनातही आहे.

तुमच्याच वापराचे उदाहरण घेऊन हे मोजू. तुलना न्याय्य राहावी म्हणून समजा, तुमचीच ४० पीएसची गाडी कोणीतरी शाफ्ट लावून बनवली आहे. चेनमध्ये ३ टक्के आणि शाफ्टमध्ये ७ टक्के शक्ती जाते असे धरले, तर चेनच्या गाडीत १.२ पीएस आणि शाफ्टच्या गाडीत २.८ पीएस वाटेत खर्च होते. फरक १.६ पीएस इतका, म्हणजे सावळ घाट चढताना मागे माणूस असेल तर एखाद्या वेळी गिअर लवकर उतरवावा लागेल, एवढाच. चार वर्षांत ४८,००० किमी होतात. चेनच्या गाडीचे मायलेज २८ धरले तर १,७१४ लिटर पेट्रोल लागेल, आणि चार टक्क्यांनी ते २६.९ वर आले तर सुमारे १,७८४ लिटर. म्हणजे चार वर्षांत सत्तर लिटर जादा. लिटरला १०५ रुपये धरले तर हा फरक सात हजार साडेतीनशे रुपयांच्या जवळ जातो. कोरडी आणि गंजलेली चेन हा फायदा सहज गमावते, हे मात्र विसरू नये. हिशेब सांभाळलेल्या चेनचा आहे.

याच चार वर्षांत चेनवर किती खर्च येतो तेही मांडू. चिखलाच्या रस्त्यावर चेनसेट वीस हजार किलोमीटर टिकला असे धरू. डांबरावर तो तीस हजारही टिकतो. ४८,००० मध्ये दोनदा बदल येईल. एका सेटचे सहा हजार आणि बसवण्याची मजुरी धरून दोन्ही वेळचे मिळून तेरा-साडेतेरा हजार, आणि दर ५०० किलोमीटरला तेल लावायचे म्हणजे शहाण्णव वेळा, प्रत्येक वेळी तेल-रॉकेलचे पंचवीस रुपये, म्हणजे सुमारे अडीच हजार. एकूण सोळा हजारांच्या घरात. त्याशिवाय प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे धरली तर चार वर्षांत चोवीस तास तुमचे स्वतःचे जातात. शाफ्टच्या बाजूला फायनल ड्राइव्हचे, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या घराचे, तेल मॅन्युअलप्रमाणे साधारण १०,००० ते २०,००० किलोमीटरला बदलावे लागते. चार वेळा बदलले आणि प्रत्येक वेळी तेल, वॉशर आणि मजुरीचे हजार रुपये धरले तर चार हजार, त्यात जादा पेट्रोलचे सात हजार मिळवले तर अकरा हजारांच्या वर. म्हणजे काहीही न बिघडल्यास शाफ्ट चार वर्षांत चार-पाच हजारांनी स्वस्त पडतो आणि तुमचे चोवीस तास वाचवतो. दर मी गृहीत धरले आहेत. तुमच्या गाडीचे खरे दर घालून हीच आकडेमोड करावी. पण 'काहीही न बिघडल्यास' या अटीवरच सगळा हिशेब उभा आहे, आणि ती अट तुमच्या रस्त्यांवर किती पाळली जाईल हे पाहिले पाहिजे.

शाफ्टच्या मागच्या घरात, म्हणजे फायनल ड्राइव्हमध्ये, तेल असते थोडेच, बहुतेक गाड्यांत पाव लिटरपेक्षाही कमी. लांबच्या प्रवासानंतर ते घर चांगलेच तापलेले असते. अशा वेळी तुम्ही भर पावसात एखादा ओहोळ ओलांडला आणि मागचे चाक अॅक्सलपर्यंत पाण्यात गेले, तर आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि आत निर्वात निर्माण होऊन पाणी श्वासनळीतून किंवा सीलच्या ओठावरून आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. तेल दुधी झालेले असते, आणि पाणीमिश्रित तेलात बेअरिंग काही महिन्यांत खड्डे पडून खराब होते. म्हणून असे खोल पाणी ओलांडल्यावर किलोमीटरचा विचार न करता तेल काढून पाहावे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळपट राखाडी, लोण्यासारखा बारीक गाळ असेल तर ती नेहमीची झीज आहे. चमकणारे कण किंवा पापुद्रे आले तर गाडी थांबवून फायनल ड्राइव्ह उघडावा.

दुसरी जागा म्हणजे शाफ्ट स्वतः, त्याच्या टोकाचे स्प्लाइन आणि युनिव्हर्सल जॉइंट. ही मंडळी स्विंगआर्मच्या पोटात, रबरी बुटाखाली असतात आणि तेथे तेल नसते. रबर फाटले किंवा आत दमटपणा साचला की गंज सुरू होतो. बीएमडब्ल्यूने अलीकडच्या बॉक्सर गाड्यांच्या सेवा-वेळापत्रकात ६०,००० किमीला कार्डन शाफ्ट बदलण्याची तरतूद घातली, त्यामागे आत साचणाऱ्या दमटपणाने होणाऱ्या गंजाचा प्रश्न होता. शाफ्ट आयुष्यभर टिकतो असे विक्रेते आजही बिनदिक्कत सांगतात, म्हणून हे आवर्जून लिहिले. जॉइंट झिजला आहे हे कळण्याची खूण अशी: थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की मागून 'ठक्' असा आवाज येतो, किंवा ठरावीक वेगाला पायांच्या फळीत थरथर जाणवते. थोडासा खेळ प्रत्येक शाफ्टमध्ये असतो, त्यामुळे गाडी नवी असताना तो किती होता याची आठवण ठेवलेली बरी.

दुरुस्तीच्या बाबतीत नाशिकला एक फायदा आहे आणि एक मर्यादाही आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे बेअरिंग आणि ऑइल सील नंबरवरून मिळणे इथे अवघड नाही, आणि बेअरिंग नीट प्रेस करून देणारा टर्नरही सापडतो. जीप आणि टेम्पोच्या डिफरन्शियलची कामे करणारे मिस्त्री क्राउन-पिनियन हा विषय उत्तम जाणतात. पण मोटारसायकलच्या फायनल ड्राइव्हमध्ये शिमची, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकतीची, जाडी शतांश मिलिमीटरमध्ये बसवावी लागते, दातांमधला मोकळेपणा मोजावा लागतो आणि मार्किंग ब्लू लावून दात नेमके कुठे टेकतात ते पाहावे लागते. जीपमध्ये चालणारा हाताचा अंदाज इथे चालत नाही. नवे बेअरिंग बसवताना जुने शिम 'होते तसेच' ठेवले, तर ते काही हजार किलोमीटरमध्येच आवाज करू लागते, आणि दोष मात्र बेअरिंगला दिला जातो. जोडीतील दात खराब झाले असतील तर तो भाग इथे घडत नाही, मागवावाच लागतो, आणि तो येईपर्यंत गाडी उभी राहते.

बेल्टबद्दल आधी एक घोळ दूर करायला हवा. स्कूटरमध्ये सीव्हीटीसाठी असतो तो व्ही-बेल्ट, घर्षणावर चालणारा, आणि त्याचे आयुष्य फार वेगळे असते. मागचे चाक फिरवणारा मोटारसायकलचा बेल्ट दातेरी असतो आणि त्याच्या पोटात अरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्या असतात. हार्लेने १९८० च्या स्टर्जिस मॉडेलवर तो आणला आणि पुढे आपल्या मोठ्या गाड्यांत तोच कायम केला. आपल्याकडे रिव्होल्टच्या आरव्ही४०० सारख्या विजेच्या गाडीतही तो दिसतो. त्याला तेल लागत नाही, तो शांत असतो, कपड्यांवर डाग पडत नाहीत आणि डांबरी रस्त्यावर साठ हजार किलोमीटरपेक्षा जास्त टिकतो. शहरात राहणाऱ्या माणसासाठी ही खरोखर सुखाची व्यवस्था आहे.

तुमच्या रस्त्यांसाठी तिचा दोष रचनेतच आहे. चेनच्या दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे त्यात आलेला खडा बहुधा बाहेर पडतो. बेल्ट हा रुंद, अखंड पट्टा आहे, त्याचे दात पुलीच्या खाचेत नेमके बसतात, आणि त्यामध्ये मुरमाचा एक टणक खडा सापडला तर त्याला जायला जागाच नसते. तो बेल्टला पुलीवरून उचलतो, आणि अजिबात न ताणणाऱ्या दोऱ्यांवर क्षणभर प्रचंड ताण येतो. त्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. आतल्या काही दोऱ्या तुटतात. मग एखाद्या दिवशी, कदाचित कोरड्या डांबरी रस्त्यावर, बेल्ट अचानक सुटतो. बारीक माती पुलीचा कडक मुलामा खाते आणि बेल्ट चिरकू लागतो. अशा वेळी आपल्याकडे कोणीतरी सवयीने त्यावर तेल टाकतो, आणि तेल, रॉकेल किंवा ग्रीस हेच बेल्टला सर्वांत घातक आहे. तो फक्त सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा. आवाज तरी थांबला नाही तर चाकाची सरळ रेषा आणि ताण तपासावा. ताण मोजण्यासाठी बेल्टच्या मधोमध ठरावीक जोर देऊन तो किती दबतो ते पाहतात. हार्लेच्या पद्धतीत हा जोर दहा पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास असतो आणि दबण्याचा आकडा मॉडेलनुसार वेगळा असतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यावर इथे विसंबू नये.

बेल्ट सांधता येत नाही. तो अखंड वर्तुळ असल्याने बदलताना मागचे चाक आणि बऱ्याच मॉडेलांत स्विंगआर्मचा सांधा मोकळा करावा लागतो, आणि हार्लेच्या मोठ्या गाड्यांत प्रायमरीही उघडावी लागते. पिशवीत कोंबून नेलेला जादा बेल्ट उपयोगाचा नाही, कारण घडी पडली की आतल्या दोऱ्या तिथेच मोडतात. आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. औद्योगिक दुकानांत दातेरी बेल्ट मिळतात आणि काही दिसायलाही तसेच असतात. दाताचा आकार, रुंदी आणि दोरीची ताकद जुळल्याशिवाय असा बेल्ट मागच्या चाकावर लावू नये, दुकानदार कितीही खात्री देवो.

आता आडरस्त्याचा प्रश्न. समजा, हरसूलच्या पुढे दहा किलोमीटरवर, संध्याकाळी पावसात गाडीची शक्ती चाकापर्यंत पोचेनाशी झाली. चेन तुटली असेल, तर ती कुठे अडकून इंजिनचे आवरण फोडले नाही ना हे आधी पाहावे. ते शाबूत असेल आणि जवळ त्याच मापाचे एक जादा चेन लॉक, चेन तोडायचे छोटे साधन आणि पक्कड असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात गाडी चालती होते. क्लिपचे लॉक लावताना क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे, नाहीतर क्लिप निघून जाऊ शकते. हे तात्पुरते आहे. घरी आल्यावर चेनसेट बदलावा. साधने नसली तरी हरसूल किंवा पेठच्या गावात चेन सांधू शकेल असा माणूस मिळण्याची शक्यता बरीच असते. बेल्ट सुटला किंवा शाफ्टचा जॉइंट गेला, तर तिथे करण्यासारखे काही नसते. पिकअप बोलवावा आणि गाडी नाशिकला आणावी. फायनल ड्राइव्हचे बेअरिंग कधी कधी जाम होते आणि तेव्हा चाकही फिरत नाही, त्यामुळे गाडी ढकलून पिकअपमध्ये चढवणेसुद्धा अवघड होते. मात्र हेही तितकेच खरे की निगा राखलेला शाफ्ट असा अचानक क्वचितच जातो, आणि दुर्लक्षित चेन पुष्कळदा जाते.

तरीही त्या दोन गाड्यांपैकी एखादी पाहायला जाणारच असाल, तर मागचे चाक जमिनीवरून उचलून घ्या. शाफ्टच्या गाडीचे चाक वर आणि खाली धरून हलवा, नंतर डावीकडे आणि उजवीकडे धरून हलवा. हाताला टकटक जाणवली तर बेअरिंगकडे संशय घ्या. आतल्या बाजूने रिम आणि ब्रेक डिस्कवर तेलाचा ओलावा आहे का पाहा, रबरी बूट फाटलेला आहे का तपासा आणि मालकाच्या परवानगीने फायनल ड्राइव्हचे थोडे तेल काढून पाहा. मालक नकार देत असेल तर किंमत ठरवताना पूर्ण दुरुस्तीचा खर्च वजा करूनच बोला. बेल्टच्या गाडीचे चाक हळूहळू पूर्ण फिरवून बेल्टचा प्रत्येक दात बॅटरीच्या उजेडात पाहा. दाताच्या मुळाशी केसासारख्या चिरा, निघालेला दात किंवा कडेला सुटलेल्या दोऱ्या दिसल्या तर बेल्ट संपला आहे. मधोमध खड्याने पडलेला लहान खळगा काही काळ चालू शकतो, कडेचा नाही. पुलीचा मुलामा उडून खालचा धातू उघडा पडला असेल तर केवळ बेल्ट बदलून भागणार नाही. स्ट्रीट ७५० च्या बाबतीत सुट्या भागांची चौकशी गाडी घेण्यापूर्वी करा, कारण कंपनीने २०२० मध्ये भारतातले उत्पादन थांबवले आणि विक्री व सेवेचे काम हीरो मोटोकॉर्पकडे गेले. बेल्ट आणि दोन्ही पुल्या किती दिवसांत आणि किती रुपयांत मिळतील हे अधिकृत केंद्राकडून लेखी घ्या.

सध्याच्या गाडीवर राहिलात, तर तुमचा त्रास कमी करणारी एक गोष्ट सुचवतो. चेनवर थेंब-थेंब तेल सोडणारे ऑइलर बाजारात मिळतात आणि ते बसवायलाही फार अवघड नसतात. पावसाळ्यात थेंबांचा वेग वाढवावा, उन्हाळ्यात कमी करावा, आणि तेलाची नळी टायरपासून दूर, मागच्या स्प्रॉकेटच्या कडेला टेकेल अशी बांधावी, कारण टायरवर आलेले तेल घाटातल्या वळणावर जीवघेणे ठरते. माती धुण्याचे काम तरीही तुम्हालाच करावे लागेल, पण दर आठवड्याची पंधरा मिनिटे पाचवर येतील.